विषय न लिहिलेल्या मीटिंगला ‘नाही’ कसं कळवावं?

वाचकाचं पत्र

मी एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात कर्ज विभागात अधिकारी आहे. नव्या रिपोर्टचं काम सुरू झाल्यापासून आयटी विभागाच्या साहेबांकडून आठवड्यात दोन-तीन वेळा आउटलुकवर मीटिंगचं आमंत्रण येतं. वर नुसतं ‘चर्चा’ किंवा ‘रिव्ह्यू’, आत एक अक्षर नाही. तासभराची मीटिंग, बारा-चौदा माणसं. मागच्या काही मीटिंगांत मला कोणी काही विचारलंही नाही. तोवर शाखांचे प्रस्ताव टेबलावर पडून राहतात आणि मला संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावं लागतं. ते साहेब हुद्द्याने मोठे आहेत, पण माझे वरिष्ठ नाहीत. ‘विषय काय?’ असं विचारणं आगाऊपणाचं वाटेल अशी भीती वाटते. परवा सकाळी ११ वाजता पुन्हा एक आहे. काय लिहू?

— कर्ज विभागातली एक अधिकारी, सांगली

उत्तर

परवाच्या मीटिंगला नकार कळवा, आणि त्याच निरोपात त्यांना काय हवं आहे ते विचारा. या दोन्ही गोष्टी एकत्र जायला हव्यात. नुसता नकार गेला तर ते दुखावतील. नुसता प्रश्न गेला तर ते ‘या, मग बोलू’ म्हणतील आणि तुम्ही पुन्हा त्याच खुर्चीत बसलेल्या असाल.

आगाऊपणाची भीती आधी बाजूला करू. तुमच्याच बँकेच्या संचालक मंडळाची सभा विषयपत्रिकेशिवाय भरत नाही. अगदी शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ हासुद्धा तिथे छापलेला असतो. कंपन्यांच्या बाबतीत तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७३ प्रमाणे संचालक मंडळाच्या सभेची नोटीस किमान ७ दिवस आधी द्यावी लागते, आणि कंपनी सचिवांच्या संस्थेच्या एसएस-१ या मानकाप्रमाणे विषयपत्रिकाही तितकेच दिवस आधी जावी लागते. अंतर्गत मीटिंगला असला कोणताही नियम लागू नाही. पण सभेला बसणाऱ्याला विषय आधी माहीत असावा, ही अपेक्षा आपल्या कार्यालयांत जुनी आणि सर्वमान्य आहे. तुम्ही तीच मागताय. प्रश्न फक्त शब्दांचा आणि वेळेचा आहे.

आता त्या साहेबांच्या बाजूने बघा, कारण निरोप कसा लिहायचा हे त्यावरून ठरतं. आमंत्रण करताना आउटलुक त्यांना नावं आणि वेळ विचारतं, कारण विचारत नाही. बहुतेक वेळा मागच्या आमंत्रणातली नावं तशीच पुढे येतात. त्यांना नव्या रिपोर्टसाठी काहीतरी अडलेलं असतं, पण ते कोणाकडून मिळेल हे आयटीच्या माणसाला नक्की माहीत नसतं. म्हणून ते कर्ज, वसुली, लेखा, अंतर्गत तपासणी अशा सगळ्यांना बोलावतात आणि खोलीत कोण उत्तर देतं ते बघतात. म्हणजे त्यांच्या डोक्यात प्रश्न असतो, फक्त तो कागदावर उतरलेला नसतो. तुमच्या निरोपाने तेवढं एक काम करायचं आहे. तो प्रश्न एका ओळीत लिहिणं त्यांना सोपं जाईल, असं बघायचं आहे.

लिहिण्याआधी ते आमंत्रण नीट उघडून बघा. तुमचं नाव `Required` मध्ये आहे की `Optional` मध्ये? तुमच्या विभागातून आणखी कोणी आहे का? तुमचे विभागप्रमुख यादीत असतील आणि येणार असतील, तर काम निम्मं सोपं झालं. बाकी कोणाला बोलावलंय त्यावरून विषयाचा अंदाज येतो. वसुली आणि लेखा दोन्ही असतील तर बहुधा थकबाकीच्या वर्गवारीचं काही असणार. शाखाधिकारी असतील तर शाखांतून होणाऱ्या नोंदींचं असणार. हा अंदाज निरोपात वापरायचा आहे. मोकळा प्रश्न विचारला की उत्तरही मोघम येतं. ‘हे हवंय की ते?’ असं विचारलं की माणूस त्यातलं एक निवडतो, किंवा ‘नाही, मला तिसरंच हवंय’ म्हणतो, आणि ते तिसरं काय ते लिहितो. आपल्याला तेवढंच पुरे.

एखाद्या विभागाच्या माणसाला मीटिंगला बोलावण्याची कारणं फार नसतात. त्यांना माहिती हवी असते, किंवा एखाद्या गोष्टीला विभागाचा होकार हवा असतो, किंवा झालेलं तुमच्या कानावर असावं असं वाटत असतं. माहिती फाइल पाठवून देता येते. कानावर घालायचं असेल तर इतिवृत्त पुरतं. होकाराचं मात्र जपून. विभागाच्या वतीने ‘चालेल’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नसेल तर तुम्ही तासभर बसूनही त्यांचं काम होणार नाही. तिथे तुमच्या साहेबांचंच उत्तर लागेल, आणि ते मुद्दा लिहून आल्याशिवाय मिळणार नाही.

हे सगळं धरून निरोप असा होईल:

> साहेब, नमस्कार. परवा ११ वाजताच्या मीटिंगचं आमंत्रण मिळालं. त्या वेळात शाखांचे प्रस्ताव मंजुरीसाठी तयार करायचे असल्याने मला येता येणार नाही. नव्या रिपोर्टसाठी कर्ज विभागाकडून आपल्याला नेमकं काय हवं आहे, ते एका ओळीत कळवाल का? खात्यांची किंवा तारणांची यादी हवी असेल तर मी ती उद्या संध्याकाळपर्यंत पाठवते. एखाद्या मुद्द्यावर विभागाचा होकार हवा असेल तर मुद्दा पाठवावा, मी आमच्या साहेबांना विचारून लेखी कळवते. समोरासमोर बोलणंच गरजेचं असेल तर तेवढ्या भागापुरती मी नक्की येईन, वेळ सांगावी. आणि मीटिंगमध्ये कर्ज विभागाकडे काही काम सोपवायचं ठरत असेल, तर ठरवण्याआधी मला एक फोन करावा, ही विनंती.

यातली वाक्यं का आहेत ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला ती बदलता येतील.

न येण्याचं कारण एकाच वाक्यात आहे आणि ते खरं आहे. इथे अनेकजण ‘मला दुसरी मीटिंग आहे’ असं लिहून मोकळे होतात. त्याचा परिणाम असा होतो की समोरचा मीटिंग दुपारी चारला ढकलतो. विषय तेव्हाही नसतो, आणि आता तुमच्याकडे सबबही उरलेली नसते. आउटलुकमधलं `Propose New Time` वापरलं तरी हेच होतं. तुमची अडचण वेळेची आहे असा त्यांचा समज होतो. म्हणून कारण थोडक्यात आटपायचं आणि प्रश्नाला जास्त जागा द्यायची.

प्रश्नात ‘माझी गरज आहे का?’ असं कुठेही नाही. याचं उत्तर कोणीही विचार न करता ‘हो, या’ असं देतं. शिवाय वाचणाऱ्याला त्यात टोमणा ऐकू येऊ शकतो. ‘अजेंडा पाठवावा’ हेही टाळलं आहे. बरोबरीच्या माणसाला ते चालून जातं, पण हुद्द्याने मोठ्या माणसाला ते चूक दाखवल्यासारखं लागतं. त्यात त्यांना अख्ख्या मीटिंगची आखणी लिहून काढावी लागते. आपल्याला त्यातली आपल्यापुरती एक ओळ हवी आहे. ‘कर्ज विभागाकडून आपल्याला काय हवं आहे’ या वाक्यात तुम्ही मदतीला तयार आहात हे आपोआप येतं, म्हणून ते वाचायला सुखद वाटतं.

शेवटची विनंती सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि लोक तीच विसरतात. जो मीटिंगला नसतो त्याच्या नावावर काम पडतं, हा सगळ्या कार्यालयांतला अनुभव आहे. ‘मागच्या ५ वर्षांचे दस्त कर्ज विभाग तपासून देईल’ असं एकदा इतिवृत्तात आलं की ते मागे घेणं अवघड असतं. गैरहजर राहण्याची खरी जोखीम ही आहे. ती एका वाक्याने पूर्ण संपत नाही, पण नंतर बोलायला तुमच्याकडे जागा राहते. त्यासाठी मीटिंग झाल्यावर त्याच दिवशी इतिवृत्त मागून घ्या आणि आपल्या विभागाचं नाव कुठे आलंय ते बघा.

हा निरोप पाठवण्याआधी तुमच्या स्वतःच्या साहेबांना सांगा. ‘आयटीच्या मीटिंगला विषय कळेपर्यंत मी जात नाही, त्यांना हवी ती माहिती लेखी देते, चालेल ना?’ एवढंच विचारायचं. आयटीचे साहेब उद्या त्यांच्याकडे नाराजी घेऊन गेले तर त्यांना ही गोष्ट आधीच ठाऊक असली पाहिजे. दुसऱ्या विभागाच्या वरिष्ठांकडून ती पहिल्यांदा कळली, तर तुमचे साहेब तुमची बाजू घेऊ शकणार नाहीत.

आता पाठवण्याची रीत. आमंत्रणात `Decline` दाबलं की आउटलुक विचारतं, काय करायचं? तिथे `Edit the Response before Sending` निवडा आणि वरचा मजकूर त्यात लिहा. हे उत्तर फक्त आमंत्रण पाठवणाऱ्याला जातं, बाकीच्यांना नाही, आणि ते तसंच हवं. `Do Not Send a Response` कधीही निवडू नका. त्याने मीटिंग तुमच्या कॅलेंडरमधून जाते, पण त्यांना काहीच कळत नाही आणि ते परवा तुमची वाट बघत बसतात. `Tentative` सुद्धा इथे उपयोगाचं नाही, कारण समोरचा त्याचा अर्थ ‘येतील बहुतेक’ असाच घेतो आणि प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याला निकड राहत नाही. `Reply All` तर मुळीच नको. चौदा माणसांसमोर ‘आपल्याला नेमकं काय हवं आहे’ असं विचारलं, तर शब्द कितीही मऊ असले तरी त्यांचा पाणउतारा होतो. बँक पुढे गूगल कॅलेंडरवर गेली, तर तिथे नकारासोबत लिहिलेली नोंद इतर निमंत्रितांनाही दिसू शकते. म्हणून तिकडे प्रश्न वेगळ्या ईमेलने विचारा.

तुमच्या पत्रावरून वाटतं की यातल्या काही मीटिंगा दर आठवड्याला आपोआप येणाऱ्या असाव्यात. तसं असेल तर नाकारताना फक्त त्या दिवसाची नाकारा, पूर्ण मालिका नको. मालिका नाकारणं म्हणजे त्या कामातूनच बाहेर पडणं, आणि तो निर्णय तुमच्या एकटीचा नाही.

वेळेचंही सांभाळा. परवाच्या मीटिंगसाठी निरोप आजच जायला हवा, फार तर उद्या दुपारच्या आत. म्हणजे त्यांना उत्तर द्यायला आणि तुम्हाला यादी काढायला वेळ राहतो. मीटिंगला दहा मिनिटं असताना आलेला हाच निरोप टाळाटाळीचा वाटतो.

ते साहेब ईमेलपेक्षा बोलण्यावर विसंबणारे असतील तर आधी इंटरकॉमवर बोला. ‘साहेब, परवा मला जमत नाहीये, पण तुमचं काम अडायला नको. आमच्याकडून काय हवंय ते सांगा, मी आधीच पाठवते.’ आपल्याकडच्या पुष्कळ वरिष्ठांना हे ईमेलपेक्षा जास्त रुचतं. पण फोन झाल्यावरही नकार लेखी पाठवाच, आणि त्यात ते जे बोलले ते एका ओळीत लिहा: ‘फोनवर ठरल्याप्रमाणे तारणांची यादी उद्या पाठवते.’

आता त्यांचं उत्तर आलं असं धरून पुढे जाऊ. समजा ते लिहितात, ‘मॅडम, रिपोर्टमध्ये तारणाचा रकाना आहे, पण सिस्टीममध्ये एकाच तारणाला शाखांनी वेगवेगळी नावं दिली आहेत. कुठलं कशात धरायचं ते ठरवायचं आहे.’ बघा, एवढ्या एका वाक्यात सगळं स्पष्ट झालं. यासाठी वसुली विभागाला तासभर बसवायचं कारण नव्हतं. याचं उत्तर तुमच्याच टेबलावर आहे. तुम्ही एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात सिस्टीममध्ये आता दिसतं ते नाव, दुसऱ्यात ते कोणत्या मूळ प्रकारात धरायचं ते, म्हणजे सोनेतारण, मुदतठेव तारण, स्थावर गहाण, वाहन नजरगहाण, मालतारण किंवा नुसती जामीनकी. तिसऱ्या रकान्यात शेरा. ‘फ्लॅट’, ‘घर’, ‘रो हाऊस’ अशी शाखांनी टाकलेली नावं स्थावर गहाणात जातील, ‘एफडी’ आणि ‘ठेव पावती’ मुदतठेव तारणात. हे तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

पण करता करता दोन-तीन नावं अशी निघतील की तुम्हालाही ठरवता येणार नाही. तळमजल्यावर दुकानाचा गाळा आणि वर राहतं घर अशा एकाच मिळकतीवरचं कर्ज रिपोर्टमध्ये निवासी धरायचं की व्यापारी? किंवा कॅश क्रेडिटला मालतारणही आहे आणि जोडीला स्थावर गहाणही आहे, तर मुख्य तारण कोणतं लिहायचं? अशा नावांपुढे शेऱ्यात ‘ठरवायचं आहे’ असं लिहा आणि तक्ता पाठवताना कळवा: ‘बाकी सगळी नावं लावली आहेत. या तीनवर आपण, आमचे साहेब आणि लेखा विभाग असं १५ मिनिटं बसू या का?’

ही मीटिंग मात्र खरी आहे आणि तिला तुम्ही जायलाच हवं. तिच्यात विषय आहे, तो ठरवू शकणारी माणसं आहेत, आणि आधी वाचायला कागद आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नातून कधीकधी ‘मीटिंग लागतेच’ असंही उत्तर निघेल. ते निघालं तर बिनतक्रार जा. तुम्ही दोन-तीनदा विचारून घेतल्यावर वेळेत आलात आणि तयारीने आलात, की तुमच्या नकारामागे आळस नव्हता हे त्यांना आपसूक दिसेल.

उत्तर नेहमी इतकं चांगलं येणार नाही. ‘या तर खरं, तिथे कळेल’ असंही येईल. त्यावर एकदा, आणि एकदाच, असं लिहा: ‘ठीक आहे साहेब, ११ ते ११.१५ मी येते. कर्ज विभागाचा मुद्दा सुरुवातीला घेतला तर बरं होईल.’ आणि खरंच सव्वाअकराला उठा, पण उठताना विचारा, ‘साहेब, आमच्याकडून काय द्यायचं ठरलं?’ ते जे सांगतील ते जागेवर परत आल्यावर ईमेलने त्यांना पाठवा. काहीच सांगितलं नाही तर तेही लिहा, ‘आजच्या मीटिंगमध्ये कर्ज विभागाकडे काही काम आलेलं नाही, असं मी धरते.’ असे दोन-तीन ईमेल साठले की तुमच्या साहेबांना त्यांच्याशी बोलायला आधार मिळतो.

काहीच उत्तर आलं नाही तर गप्प बसू नका. उद्या संध्याकाळी एक फोन करा. फोनही उचलला नाही तर तुमचा नकार कायम आहे असं धरा आणि मीटिंगनंतर इतिवृत्त मागा. आपल्या जागी हाताखालच्या मुलीला पाठवण्याचा मोह मात्र टाळा. विषय तिलाही माहीत नाही, ती तुमच्यापेक्षा जास्त बुजेल, आणि कोणी काही विचारलं तर भीतीपोटी ‘हो’ म्हणून येईल.

काही आमंत्रणांना ही पद्धत लावू नका. तुमच्या स्वतःच्या साहेबांनी तुम्हाला एकटीला बोलावलं असेल आणि विषय लिहिला नसेल तर जा. तिथे विषय न लिहिण्याला बदली, बढती, एखाद्याबद्दलची तक्रार असं काहीही कारण असू शकतं. आस्थापना विभागाचं बोलावणं, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीसाठी किंवा वैधानिक लेखापरीक्षकांसमोरची बैठक, आणि सिस्टीम बंद पडल्यावर तातडीने बोलावलेली बैठक, इथेही आधी जायचं आणि मग विचारायचं.

हे दोन-तीन आठवडे सुरळीत चाललं की त्या साहेबांना एक सुचवा. आमंत्रणाच्या मजकुरात विभागवार एकेक ओळ टाकायची, ‘कर्ज : तारणांची यादी’, ‘लेखा : अमुक खात्याचा ताळमेळ’, आणि ज्या विभागापुढे ओळ लिहिता येत नाही त्याचं नाव `Optional` मध्ये टाकायचं. पहिल्या वेळी तुमच्या विभागाची ओळ तुम्हीच लिहून द्या. आणि आज घरी जाण्याआधी तुमच्या साहेबांशी बोलून परवाचा नकार पाठवून टाका.